घड्याळ घेण्याआधी

कोल्हापूर, रविवार

चि. मृण्मयी हिस अनेक आशीर्वाद.

तू पसंत केलेले सायको ५ घड्याळ काल राजारामपुरीत ते विकणाऱ्या गृहस्थांच्या घरी जाऊन पाहिले आणि त्यांना सोबत घेऊनच महाद्वार रोडवरील आपल्या नेहमीच्या घड्याळजींकडे नेले. ते गृहस्थ साडेसहा हजार रुपये मागत आहेत. घड्याळ घेण्याजोगे आहे, पण या किमतीला नाही. त्याची कारणे नीट वाच.

त्यांनी सांगितले की हे घड्याळ आजोबांनी १९७५ साली घेतले, तेव्हापासून घरातच आहे आणि त्यातले काहीही बदललेले नाही. सायकोच्या मागील झाकणावर दोन वेगवेगळे क्रमांक असतात. एकाचे पहिले चार आकडे आतल्या मशीनचे असतात, ते येथे ७००९ आहेत. दुसरा सहा आकड्यांचा असून त्यातील पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि दुसरा महिना दाखवतो. ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबरसाठी मात्र ओ, एन आणि डी ही अक्षरे असतात. येथे सुरुवातीला ३ आणि ६ आहेत, म्हणजे जून महिना आणि ३ ने संपणारे वर्ष. ७००९ हे मशीन सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आले, त्यामुळे हे घड्याळ १९८३ चे किंवा १९९३ चे असू शकते, १९७५ चे मात्र कशानेही ठरत नाही. यावरून मी त्यांना खोटे म्हणणार नाही, कारण घरात ऐकलेले साल चुकणे स्वाभाविक आहे, आणि झाकण उघडू देण्यास त्यांनी क्षणभरही आढेवेढे घेतले नाहीत, ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही शब्दापेक्षा महत्त्वाची वाटली. जो विक्रेता झाकण उघडू देत नाही, त्याच्याकडून घड्याळ घेऊ नये.

आत मशीनवरही ७००९ हाच क्रमांक निघाला. खरी अडचण डायलची आहे. मूळ डायलच्या अगदी खालच्या कडेला, सहाच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना, बारीक अक्षरांत मशीनचा व डायलचा क्रमांक छापलेला असतो. भिंगातून पाहिले तेव्हा तेथे काहीच नव्हते. कंपनीचे नाव जाड आणि कडेला पसरलेले दिसले, आणि चकाकत्या खुणांच्या पायथ्याशी निळा रंग चढला होता. मूळ डायलवर नव्याने रंग आणि छपाई केली की असेच दिसते. आपल्याकडे जुन्या सायकोंवर हे काम सर्रास होते आणि फोटोत ते उलट अधिक झळझळीत दिसते. तुला भुरळ पडली ती त्या निळ्या रंगाचीच असावी.

सर्व्हिसिंग गेल्या वर्षी झाले असे ते म्हणाले, पण पावती नव्हती. मशीनमध्ये चाकांचे आस टेकतात त्या खड्यांभोवतीचे तेल वाळून तपकिरी झाले होते, म्हणजे वर्षभरापूर्वी मशीन पूर्ण सुटे करून धुतलेले नाही. घड्याळाची चाल तपासणाऱ्या टायमिंग मशीनवर बॅलन्सच्या चाकाचा झोका १९० अंशांच्या आसपास आला, तो २५० च्या जवळपास असायला हवा. या मशीनला हाताने चावी देता येत नाही, मनगटाच्या हालचालीनेच ते भरते, त्यामुळे न भरलेले घड्याळही असाच कमी झोका दाखवते. परंतु त्यांनी ते सकाळपासून हातात घातले होते, म्हणून हा दोष तेलाचाच धरावा लागतो. सर्व्हिसिंग आणि झाकणाचे नवे रबर मिळून बाराशे रुपये होतील, असे घड्याळजींनी सांगितले.

किमतीचा हिशेब मी असा केला. सारे मूळ आणि नुकते सर्व्हिस केलेले असते तर साडेसहा हजार मी दिले असते. रंगवलेला डायल पुन्हा मूळ करता येत नाही, त्याच जातीच्या दुसऱ्या घड्याळातून काढलेला शोधावा लागतो, म्हणून त्यासाठी निम्मी रक्कम कमी केली. उरलेल्या सव्वातीन हजारांतून बाराशे वजा केल्यावर दोन हजार पन्नास राहतात. घड्याळाच्या केसच्या कडा पॉलिशने घासलेल्या नाहीत आणि काटे मूळचे दिसतात, म्हणून मी बावीसशे रुपये देऊ केले. त्यांनी बुधवारपर्यंत विचार करतो असे सांगितले आहे.

तोवर त्यांचा फोन आला तरी आगाऊ पैसे पाठवू नकोस. ते तयार झाले तर मीच जाऊन पैसे देईन आणि झाकणावरचे दोन्ही क्रमांक, ‘डायल पुन्हा रंगवलेला आहे’ हे वाक्य, तारीख आणि त्यांची सही असलेली पावती घेईन, कारण उद्या तू ते विकलेस तर समोरच्याला हेच सांगणे तुझ्यावर येईल. सर्व्हिसिंग येथेच करून दसऱ्याला तू घरी येशील तेव्हा हाती देईन. झाकणावर पाणी सोसण्याचा उल्लेख असला तरी इतक्या जुन्या केसचा भरवसा धरू नये, म्हणून हात धुताना ते काढून ठेवत जा.

तुझे
बाबा