त्र्यंबकच्या तीन दिवसांबद्दल

प्रिय सच्या,

तुझा मेसेज वाचला आणि म्हटलं फोनवर हे नीट होणार नाही, लिहूनच पाठवतो. वहिनीचा दुसऱ्यांदा गर्भपात झाला हे ऐकून आम्हा दोघांनाही खूप वाईट वाटलं रे. आता गावच्या गुरुजींनी नारायण नागबली सांगितलाय, काकू त्यावर अडून बसल्यात आणि वहिनी म्हणतायत की याचा माझ्या पोटाशी काय संबंध. मागच्या वर्षी आमच्या घरात हेच चालू होतं, म्हणून जे पाहिलं ते सांगतो.

आधी गुरुजींना एकच विचार, कशावरून सांगताय? कारण नारायणबली आणि नागबली हे दोन वेगळे विधी आहेत, त्र्यंबकला ते जोडून करतात एवढंच. नारायणबली घरात कुणी दुर्मरणाने गेलं असेल तर, म्हणजे बुडून, जळून, अपघातात, आत्महत्येने. नागबली हातून नाग मारला गेला असेल तर. आमच्याकडे धाकटे काका विहिरीत गेले होते, त्यामुळे कारण स्पष्ट होतं. पण माझ्या बायकोने तिथे सरळ विचारलं की आमच्यात कुणी नाग मारलेला नाही, मग नागबली कशाला. गुरुजी चिडले नाहीत, म्हणाले शेतकऱ्याचं घर आहे, नांगराखाली, वैरणीत, आजोबा-पणजोबांच्या हातून काय काय झालं हे तुम्हाला माहीत असेलच असं नाही. तिला ते पूर्ण पटलं नाही, मला पटलं.

आता तुझ्या घरचं बघ. तू म्हणतोस तसं कुणी दुर्मरणाने गेलेलं आठवत नाही, पण अण्णा गेल्यावर पहिली दोन वर्षं झाली आणि मग शहरात आल्यापासून श्राद्ध-पक्ष काहीच झालं नाही. मग हे त्रिपिंडी श्राद्धाचं कारण आहे, सलग तीन वर्षं श्राद्ध चुकलं की त्रिपिंडी सांगतात. ती एका दिवसात होते, खरं तर सकाळी बसलास की दोन-तीन तासांत उठतोस. ब्रह्मा, विष्णू, रुद्र अशा तिघांची पूजा आणि जव, तांदूळ, तीळ यांचे तीन पिंड. त्यात कुणा एकाचं नाव-गोत्र घेत नाहीत, कारण कोण अतृप्त राहिलंय ते माहीतच नसतं. मला तर ही गोष्ट फार भावली, ज्यांची नावंही कुणाला आठवत नाहीत त्यांच्यासाठी कुणीतरी बसतं. काकूंना हे समजावून सांग, कदाचित त्यांचंही समाधान याने होईल.

नारायण नागबलीच करायचं ठरलं तर मात्र पूर्ण तीन दिवस धर आणि आदल्या संध्याकाळीच पोच. कुशावर्त कुंडात अंघोळ, मग नवं पांढरं धोतर-उपरणं, तिला पांढरी साडी. कणकेचा पुतळा करतात, हातभर असेल, काकांचं नाव घेऊन त्याला अग्नी द्यायला लावला तेव्हा माझे हात थरथरायला लागले, काका गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि मला कुणी स्मशानात नेलंच नव्हतं. बायको तोवर गप्प होती, तिने माझा खांदा धरला. त्यानंतर सुतक, म्हणजे गाव सोडायचं नाही, कुणाच्या घरी जायचं नाही, कुणाला शिवायचं नाही, कांदा-लसूण नाही. तिसऱ्या दिवशी गणेशपूजन, पुण्याहवाचन, सोन्याच्या छोट्या नागाची पूजा करून तो दान द्यायचा, तेव्हा सुतक फिटतं आणि मग देवळात दर्शन. हे सुतकच तीन दिवसांचं खरं कारण आहे, म्हणून कुणी "एका दिवसात उरकून देतो" म्हणाला तर तिथे बसू नकोस.

पैशाचं आधीच बोल. सामग्री, राहणं, दोघांचं जेवण आणि तो सोन्याचा नाग धरून किती, हे फोनवरच विचार. आम्हाला स्टँडवर एकाने गाठलं आणि सांगितलेल्या रकमेवर तिथे बसल्यावर वेगवेगळी दानं निघत गेली, शेवटी उठून आम्ही दुसरीकडे गेलो. तुमच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय असतील तर काकूंना विचार, त्यांच्या वहीत तुझ्या पणजोबांचं नाव सापडेल.

आणि वहिनींच्या प्रश्नाचं खरं उत्तर दे. विधी अण्णांसाठी आहे, तिच्या पोटासाठी नाही. दोनदा झालंय तर डॉक्टरांनी सांगितलेल्या सगळ्या तपासण्या आधी कर, दोघांच्याही. पूजेची तारीख नंतर काढता येते. तिच्यात दोष आहे म्हणून हे करतोय असं घरात कुणी बोललं तर तू तिथल्या तिथे थांबव, हे मी तुला हात जोडून सांगतो.

काकूंना नमस्कार सांग. रविवारी घरीच आहे, रिपोर्ट आले की फोन कर.

तुझा,
नंदू