सूचना : शनिवारी नर्सताई मुलांशी बोलणार (इयत्ता सातवी)

पालकहो, शनिवारी प्रार्थनेनंतर आपल्या साताऱ्याच्या शाळेत नर्सताई 10 मिनिटं बोलतील. डबे नेहमीच्याच वेळी.

विषय असा : इन्सुलिन घेणारा मित्र खेळाच्या तासाला घामाघूम झाला, हात थरथरले, बोलणं अडखळलं, तर बहुधा साखर उतरलेली असते. त्याला तिथेच बसवायचं, 3 चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजायची. चॉकलेट किंवा कंदी पेढा नको, स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. एकाने जवळ थांबायचं, दुसऱ्याने बाईंना बोलवायचं. 15 मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा तेवढीच साखर.

शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, अगदी पाणीसुद्धा. श्वास अडकू शकतो. कुशीवर वळवून लगेच 108 ला फोन. कांदा हुंगवत बसू नये, हे मोठ्यांसाठीही!