नदी ओलांडणारं वर्तुळ: तीन दवाखान्यांच्या जागांबद्दल मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात पुण्यात आमच्या भागातल्या तीन नव्या दवाखान्यांच्या जागा जाहीर झाल्या. यादीला नकाशा जोडला होता. त्यावर प्रत्येक जागेभोवती दोन किलोमीटरचं वर्तुळ काढलेलं, आत हिरवा रंग भरलेला आणि खाली लिहिलेलं, 'सर्व लोकसंख्या अंतर्भूत'. आमचं घर मुठेच्या या काठाला, नांदेड गावाच्या बाजूला आहे. ज्या वर्तुळात आम्हाला बसवलंय, त्याचा मध्यबिंदू पलीकडच्या काठावर शिवण्यात आहे. नकाशावर नदी बारीक निळ्या रेघेने दाखवली आहे आणि हिरवा रंग त्या रेघेवरून सरळ पुढे गेला आहे.

आपण सभेत शब्द दिला होता की आजारी माणसाची वणवण थांबेल. तो शब्द खरा मानून मी गप्प बसले होते. आता बसवत नाही.

माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या पायाच्या बोटाला जखम झाली. डॉक्टरांनी एक दिवसाआड ड्रेसिंग सांगितलं. सरकारी ड्रेसिंगची सोय होती ती नदीपलीकडे. खडकवासला धरणातून विसर्ग वाढवला आणि आमच्याकडून शिवण्याकडे जाणारा सखल पूल पाण्याखाली गेला. म्हणजे मग सिंहगड रस्त्याने उलटं वडगाव पुलापर्यंत यायचं, हायवेला लागायचं, वारज्यात उतरायचं आणि एनडीए रस्त्याने परत शिवण्याकडे जायचं. त्या पावसात रिक्षावाले यायला तयार नसत. जे तयार होत त्यांचं भाडं आमच्या आवाक्याबाहेरचं असे. मधली ड्रेसिंग चुकली, जखम चिघळली आणि शेवटी बोट काढावं लागलं. अंगठ्याशेजारचं बोट. सासूबाई आता भिंतीला हात लावल्याशिवाय चालत नाहीत. त्या नकाशात मात्र त्या 'अंतर्भूत' आहेत.

मी महाविद्यालयात भूगोल शिकवते. म्हणून हे काम कसं करायचं असतं, हे मला माहीत आहे. ते आपल्यालाही माहीत असावं, म्हणून सविस्तर लिहिते.

काही मोजक्या जागा अशा निवडायच्या, की सगळ्या लोकांचं दवाखान्यापर्यंतचं एकूण अंतर कमीत कमी होईल. या प्रश्नाला पी-मीडियन म्हणतात, आणि या प्रकारच्या पद्धतींना लोकेशन-अ‍ॅलोकेशन. नावावरूनच कळतं की यात दोन कामं एकदम करायची असतात. दवाखाना कुठे ठेवायचा हे ठरवायचं आणि कोणती वस्ती कोणत्या दवाखान्याला जाईल हेही ठरवायचं. प्रत्येक वस्तीची लोकसंख्या घ्यायची, तिच्या सर्वांत जवळच्या दवाखान्यापर्यंतच्या अंतराने गुणायची आणि सगळ्या वस्त्यांची बेरीज करायची. ज्या तीन जागांची बेरीज सर्वांत कमी, त्या तीन जागा. हकीमी या संशोधकाने १९६४ साली एका जागेसाठी आणि १९६५ साली अनेक जागांसाठी दाखवून दिलं की यासाठी नकाशावरचा प्रत्येक बिंदू तपासावा लागत नाही. रस्त्यांच्या जाळ्यातल्या वस्त्या आणि नाके एवढेच तपासले तरी सर्वोत्तम उत्तर त्यांच्यात सापडतं.

आता तुमच्या यादीतल्या तीनपैकी एक दवाखाना फाट्यावर का आहे, ते बघा. मी आकडे गोल करते आणि गावांची नावं बाजूला ठेवते. समजा एक फाटा आहे. तिथे पाच हजार लोक राहतात. फाट्यावरून तीन दिशांना तीन रस्ते जातात आणि प्रत्येक रस्त्यावर तीन किलोमीटरवर वीस हजार वस्तीचं एक गाव आहे. एकच दवाखाना द्यायचा असेल तर तो फाट्यावरच हवा. तिन्ही गावांना तीन-तीन किलोमीटर, म्हणजे प्रत्येकाने एकदा जायचं म्हटलं तर बेरीज १,८०,००० माणूस-किलोमीटर. तोच दवाखाना एका गावात ठेवला तर उरलेल्या दोन गावांना सहा-सहा किलोमीटर पडतात आणि बेरीज २,५५,००० वर जाते. इथवर जागा ठरवणाऱ्या समितीचं बरोबर आहे.

चूक पुढे होते. पहिला दवाखाना फाट्यावर पक्का करून टाकला जातो. मग दुसरा एका गावात, तिसरा दुसऱ्या गावात. तिसऱ्या गावाचे वीस हजार लोक तीन किलोमीटर चालत फाट्यावर येत राहतात आणि बेरीज ६०,००० वर थांबते. हेच तिन्ही दवाखाने एकदम ठरवले असते तर? तीन गावांत तीन. मग चालावं लागलं असतं फक्त फाट्यावरच्या पाच हजारांना, आणि बेरीज झाली असती १५,०००. खर्च तेवढाच, डॉक्टर तेवढेच आणि लोकांची पायपीट एक चतुर्थांशावर. एका दवाखान्यासाठी जी जागा उत्तम, ती तिघांच्या संचात सर्वांत वाईट ठरू शकते. म्हणून एकेक करून जागा पक्क्या करायच्या नसतात.

ही चूक पकडायला फार अक्कल लागत नाही. टाइट्झ आणि बार्ट या दोघांनी १९६८ मध्ये अदलाबदलीची रीत मांडली. निवडलेल्यांतली एक जागा उचलायची, तिच्याऐवजी न निवडलेली जागा ठेवायची आणि बेरीज पुन्हा करायची. कमी झाली तर बदल ठेवायचा, नाही तर पुढची जागा बघायची. कोणत्याच अदलाबदलीने बेरीज कमी होईना, की थांबायचं. वरच्या उदाहरणात फाटा उचलून तिसरं गाव ठेवलं की एका फटक्यात साठ हजारांचे पंधरा हजार होतात. मोठ्या शहरात, शेकडो जागा असतील तेव्हा, ही रीत कधी कधी सर्वोत्तम नसलेल्या उत्तरावर अडकते. पण आमच्या भागात वीस जागा तपासायच्या म्हटल्या तरी तीन-तीनचे संच होतात ११४०. तेवढे सगळेच्या सगळे तपासून होतात, साध्या लॅपटॉपवर, तुमच्या बैठकीतला चहा येण्याआधी.

पण वीस जागा तपासल्या कोणी? मी संबंधित कार्यालयात विचारलं. उत्तर मिळालं की ताब्यात असलेल्या इमारती तीनच होत्या. मंत्रिमहोदय, तीन जागांतून तीन निवडण्याला निवड म्हणत नाहीत. या पट्ट्यात सार्वजनिक सोयींसाठी राखलेल्या अ‍ॅमिनिटी स्पेस आहेत, गायरानाचे तुकडे आहेत, वर्ग रिकामे पडलेल्या शाळा आहेत, भाड्याने मिळतील असे गाळे आहेत. ते आधी यादीत तर घ्या. यादीत नसलेली जागा कोणतंही गणित निवडू शकत नाही.

आता नदी. ते वर्तुळ सरळ रेषेतलं अंतर मोजतं आणि माणूस सरळ रेषेत चालत नाही. ज्या शहरात मुळा-मुठा आहे, रेल्वे आहे, टेकड्या आहेत, लष्कराची बंद हद्द आहे, तिथे अंतर रस्त्यानेच मोजायला हवं. रस्त्यांचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवर फुकट आहे, नकाशावर मोजमाप करणारं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आमची दुसऱ्या वर्षाची मुलं हे प्रात्यक्षिकात करतात. आणि एकदा मोजून भागणार नाही. एकदा पूल चालू धरून मोजा, एकदा बंद धरून. भिडे पूल पाण्याखाली गेला की शहरभर बातमी होते, आमच्याकडचा गेला की आमची फक्त ड्रेसिंग चुकते. पूल बंद धरल्यावर शिवण्यातल्या दवाखान्याची बेरीज किती फुगते, ते आकड्यात दिसेल. ज्या संचात एखादी वस्ती फक्त सखल पुलाच्या भरवशावर जोडलेली आहे, तो संच पावसाळ्यात लागू नाही, एवढं साधं आहे.

लोकसंख्या तरी कोणती घेतली? २०११ च्या जनगणनेची. पुढची २०२१ ला व्हायची होती, ती वेळेवर झालीच नाही. ही गावं २०१७ मध्ये आणि २०२१ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली. तेव्हापासून इथे टॉवरमागे टॉवर उभे राहिलेत. लोकसंख्या दुप्पट म्हणा, तिप्पट म्हणा, २०११ ची तर नक्कीच नाही. मिळकतकराची बिलं मात्र आजच्या घरांना येतात, एकही घर चुकत नाही. मग दवाखान्यासाठी तीच मिळकतींची यादी का वापरत नाही? कर घेताना आम्ही दिसतो आणि जखम धुवायची असते तेव्हा पंधरा वर्षांपूर्वीचा तक्ता निघतो!

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची कितीतरी वर्षं निवडणूकच झाली नाही. जाब विचारायला माणूसच नव्हता. २०२५ च्या जानेवारीत जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली तेव्हा नांदेड, किरकटवाडी, धायरी ही नावं देशभर गेली. पाहणीचे दौरे झाले, कॅमेरे आले. लोकांच्या हातापायांतली ताकद जात होती आणि घराजवळ साधं तपासून 'ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जा' म्हणणारं कोणी नव्हतं. त्यानंतर मिळालेले हे तीन दवाखाने. तेही असे ठेवायचे?

माझ्या पेशाच्या प्रामाणिकपणाने एक गोष्ट सांगायला हवी. ही बेरीज अगदी अचूक केली तरी सगळ्यांना न्याय मिळेलच असं नाही. वीस हजारांच्या गावापासून सात किलोमीटर आत, डोंगराच्या कडेला आठशे माणसांची वाडी असेल, तर दवाखाना वाडीकडे एक किलोमीटर सरकवल्याने वाडीचे ८०० माणूस-किलोमीटर वाचतात आणि गावाचे २०,००० वाढतात. बेरीज वाडीला कधीच निवडणार नाही. म्हणून आधी कमाल अंतराची अट घालावी लागते. कोणालाही रस्त्याने, समजा, चार किलोमीटरपेक्षा जास्त जावं लागू नये. या अटीत बसणारे संच आधी वेगळे काढायचे आणि त्यांच्यातून सर्वांत कमी बेरजेचा निवडायचा. एकही संच अटीत बसला नाही, तर उत्तर स्पष्ट आहे: तीन दवाखाने पुरत नाहीत, चौथा द्या, नाहीतर वाडीसाठी ठरल्या वारी फिरता दवाखाना पाठवा. ते ऐकायची तयारी ठेवा. वर्तुळं काढून सगळ्यांवर हिरवा रंग फासला, की हा प्रश्न कागदावर उरतच नाही, आणि म्हणूनच ती वर्तुळं काढली जातात असं माझं ठाम मत आहे.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. भूमिपूजन थांबवा. किमान वीस जागांची यादी करून ती लोकांसमोर ठेवा. प्रत्येक वस्तीपासून प्रत्येक जागेपर्यंतचं रस्त्याचं अंतर, पूल चालू आणि पूल बंद असं दोन्ही, तक्त्यात छापा. तक्त्याशेजारी कोणत्या वर्षाची लोकसंख्या धरली ते लिहा. निवडलेल्या संचाची बेरीज आणि त्याखालच्या दोन संचांची बेरीजही द्या, म्हणजे किती फरकाने काय सोडलं ते आम्हाला कळेल. तज्ज्ञ मिळत नसतील तर मी आणि माझे विद्यार्थी बसून करून देऊ, एक रुपया नको.

पुढच्या महिन्यात पावसाळा सुरू होतोय. सासूबाईंच्या दुसऱ्या पायालाही आता भेग पडली आहे. त्यांना कोणत्या रस्त्याने न्यायचं, हे आपल्या कार्यालयाने मला लेखी कळवावं.

आपली,
सिंहगड रस्त्यावरची एक करदाती,
पुणे