भाड्याचा ऑक्सिजन आणि मेडिक्लेम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

न्यूमोनियाने नऊ दिवस दवाखान्यात काढून माझे ७२ वर्षांचे वडील घरी आले, तेव्हा डिस्चार्ज कार्डावर ‘घरी ऑक्सिजन, मिनिटाला २ लिटर, झोपेत आणि चालताना’ असे लिहिले होते. त्याच संध्याकाळी आम्ही हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे मशीन, म्हणजे पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर, नेब्युलायझर आणि पाठ वर-खाली करता येणारी फाउलर कॉट भाड्याने आणली. मशीनची घरघर आणि पाण्याच्या बाटलीतले बुडबुडे ऐकत आम्ही चाळीस रात्री काढल्या.

भाडे महिन्याचे होते. मशीनचे ४,५००, कॉटचे २,५०० आणि नेब्युलायझरचे ५००. चाळीस दिवसांनी वस्तू परत केल्या तरी दुसरा महिना पूर्ण लागला, म्हणजे एकूण १५,०००. औषधे आणि फेरतपासणीचे ४,६०० धरून १९,६०० रुपयांचा दावा आम्ही पाठवला. पॉलिसीत दवाखान्यानंतरचा ६० दिवसांचा खर्च मिळतो, असे स्पष्ट लिहिलेले होते. हातात पडले फक्त ४,६००. नेब्युलायझरमध्ये घालायच्या औषधांचे पैसे मिळाले, पण ते औषध ज्यातून घ्यायचे त्या यंत्राचे भाडे नाकारले गेले.

मी लेखी कारण मागितले. विमा नियामकाने ठरवलेल्या, भरपाई न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत ‘दवाखान्याबाहेर वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर’ आणि ‘नेब्युलायझर किट’ ही नावे आहेत. कॉन्सन्ट्रेटरचे नाव त्या यादीत नाही. मात्र आमच्या पॉलिसीत घरी वापरायची उपकरणे वगळणारे वेगळे कलम निघाले, आणि मशीनचे भाडे त्यात अडकले. कॉट ‘विश्रांती आणि शुश्रूषा’ म्हणून बाद झाली. म्हणजे ६० दिवसांचे ते वाक्य औषधे, तपासण्या आणि डॉक्टरांच्या फीपुरते आहे. हे पॉलिसी विकत घेतानाच सांगितले असते, तर आम्ही मशीन आणलेच असते, पण या पैशांवर विसंबून राहिलो नसतो.

मग भाडे कधी धरले जाते? पॉलिसीत ‘होम केअर’ किंवा घरच्या घरी उपचाराचे कलम असेल आणि त्यात उपकरणे मोजलेली असतील तेव्हा. २०२० मध्ये आलेल्या ‘कोरोना कवच’मध्ये घरच्या उपचारात ऑक्सिजन सिलिंडर, नेब्युलायझर आणि ऑक्सिमीटर यांचा खर्च धरलेला होता. म्हणजे कलम लिहायचे ठरवले तर लिहिता येते. साध्या पॉलिसीतले घरी उपचाराचे ‘डोमिसिलिअरी’ कलम मात्र फसवे आहे. रुग्णाला दाखल करण्याची गरज आहे, पण हलवता येत नाही किंवा खाट मिळत नाही, तेव्हाच ते लागू होते. डिस्चार्ज घेऊन घरी बरे होणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

दोन वर्षांपूर्वी आईचे खुब्याचे हाड मोडले होते. ती तेव्हा ६८ वर्षांची होती आणि तिचा मेडिक्लेम नव्हता. तिच्या कॉटचे चार महिन्यांचे १०,००० भाडे मात्र माझ्या आयकरात उपयोगी पडले. ज्या ज्येष्ठ नागरिकाचा आरोग्य विमा नाही, त्याच्या वैद्यकीय खर्चावर जुन्या करप्रणालीत तेव्हा ८०डी कलमाखाली वजावट मिळत होती. आई-वडिलांचे हप्ते आणि खर्च मिळून मर्यादा वर्षाला ५०,००० होती. कोणता खर्च वैद्यकीय, याची व्याख्या त्या कलमात नव्हती. म्हणून आमच्या सीएंनी डॉक्टरांची कॉटची लेखी सूचना आणि आईच्या नावाचे बिल मागून घेतले. मी यूपीआयने दिलेले १०,००० धरले गेले. कॉट वर चढवणाऱ्यांना रोख दिलेले ६०० वगळले, कारण रोखीचा खर्च चालत नाही. वडिलांचा विमा असल्याने त्यांच्या भाड्याला हा मार्ग बंद होता.

दुकानदार बहुधा एकाच चिठ्ठीवर ‘अनामत व भाडे मिळून’ रक्कम लिहून देतात. आमच्याही पहिल्या चिठ्ठीवर १४,५०० होते आणि त्यातले १०,००० परत मिळणारी अनामत होती. ते वेगळे करून घ्यायला मला तीन फेऱ्या पडल्या. बिलावर रुग्णाचे नाव, वस्तूचे नाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि भाडे व अनामत वेगवेगळे असायलाच हवे. अनामत हा खर्च नव्हे, ती कुठेच धरली जात नाही.

पॉलिसीसोबत मिळणारे ग्राहक माहितीपत्रक मराठीतून मागता येते, हे मला दावा फेटाळल्यावर कळले. त्या पत्रकात ‘दवाखान्यानंतरचे ६० दिवस’ या ओळीखालीच ‘यात घरच्या उपकरणांचे भाडे नाही’ एवढे ठळक छापावे, अशी माझी विमा कंपन्यांना आणि नियामकाला कळकळीची विनंती आहे. आपल्या पत्राने ती त्यांच्यापर्यंत पोहोचवावी.

आपला,
एक वाचक, सातारा