कूलरच्या पंपाला क्रिकेटचा टॅग

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही छापलं की छोट्या चॅनलवाल्यांनी रोज जे ट्रेंडिंग असेल ते टॅग व्हिडिओला लावावे, व्ह्यूज वाढतात. वाचून हसू आलं, कारण मी हे करून बसलोय. वाढतात, खोटं नाही. पण पुढचं कोणी सांगत नाही म्हणून हे पत्र, थोडं लांबलंय, कापा हवं तर.

मी सक्करदऱ्यात कूलर दुरुस्ती करतो. सीझन म्हणजे मार्च ते जून, एक पाऊस पडला की धंदा बंद, कारण हवेत दमटपणा आला की कूलर नुसता पंखा होतो. रिकाम्या महिन्यांत करायचं काय म्हणून यूट्यूबवर चॅनल काढलं. पंप जाम झाला तर कसा खोलायचा, ताटीतलं गवत किती भरायचं (दाबून नाही भरायचं बरं का, दाबलं की हवाच खेचत नाही), पंखा हळू फिरतो तेव्हा कंडेन्सर कसा बदलायचा, असे चार-पाच मिनिटांचे व्हिडिओ. एकेकाला तीनचारशे व्ह्यूज. लोक सरासरी अडीच मिनिटं पाहायचे आणि खाली लिहायचे, पंप चालू झाला भाऊ. कामठीच्या एक काकू तर प्रत्येक व्हिडिओवर लिहायच्या.

मग भाच्यानं डोक्यात भरवलं की मामा, आयपीएल सुरू आहे, टॅग टाका ना. टॅगच्या डब्यात 500 अक्षरं मावतात, मी सगळी भरली. क्रिकेटरांची नावं, पिक्चरची नावं, निवडणूक, जे चालू असेल ते. काहीच झालं नाही. आता माहीत आहे काहून. यूट्यूब स्वतःच सांगतं की व्हिडिओ सापडण्यात टॅगचा वाटा फार कमी असतो, लोक शब्द चुकीचा टाइप करतात तिथेच त्याचा मुख्य उपयोग. पण तेव्हा मला वाटलं डोस कमी पडला. म्हणून टायटलमध्ये पण मॅच घातली, थंबनेलवर बॅट घातली, वर्णनात #IPL #viral #trending अशा आठ ओळी. वर्णनात असा टॅगांचा ढीग लावणं त्यांच्या नियमात बसत नाही, हे पण नंतरच कळलं.

त्या व्हिडिओला चार हजार व्ह्यूज आले. भाच्यानं पेढे मागितले. मी रात्री यूट्यूबचं स्टुडिओ ॲप उघडून लोक कुठपर्यंत पाहतात त्याचा आलेख पाहिला, तर सुरुवातीला रेघ वर आणि पहिल्या 30 सेकंदांतच जी खाली आपटली ती तळालाच. सरासरी 19 सेकंद. म्हणजे माणूस मॅच पाहायला आला, मी पेचकस घेऊन पंपाची जाळी काढतोय हे पाहिलं आणि निघून गेला. कॉमेंटमध्ये शिव्या, त्या छापण्यासारख्या नाहीत. नंतरच्या साध्या व्हिडिओंनाही शंभराच्या आत व्ह्यूज. आधी वाटलं सीझन संपत आला असेल, म्हणून आदल्या वर्षीच्या त्याच मे महिन्याशी ताडून पाहिलं. सीझनचा दोष नव्हता. कामठीच्या काकूंचा फोन आला, "भाऊ, तुमचं चॅनल कोणी हॅक केलं का जी?" मी हो म्हणालो. खोटं बोललो, आज लिहून टाकतो.

पण खरी अक्कल आली ती दुकानात. एक गृहस्थ पिशवीत पंप घेऊन आले, 18 वॅटचा, डबा पण जपून ठेवलेला. "तुमचाच व्हिडिओ पाहून घेतला ना जी, पाणी वरपर्यंत चढूनच नाही राहिलं." घरी जाऊन पाहिलं तर त्यांच्याकडे खिडकीबाहेर स्टँडवर ठेवलेला मोठा डक्टवाला कूलर, माझ्या डोक्याच्या वर ताटी. तिथे 18 वॅटचा पंप काय करणार, वरच्या नळीत पाणी जेमतेम पोचायचं आणि तीनपैकी एकच ताटी भिजायची, बाकीच्या दोन कोरड्या ठाक, मग गरम हवाच येणार. तिथे 40 वॅटचा लागतो. मी व्हिडिओत दाखवला होता तो घरगुती छोटा कूलर, पण हे कुठे लिहिलंच नव्हतं. लिहायला जागा कुठे होती, आठ ओळी टॅगच होते ना. मोठा पंप मी माझ्या पैशानं बसवून दिला. ते काही बोलले नाहीत, चहा पण दिला, पण पंप चालू झाल्यावर वाकून तिन्ही ताट्या हातानं चाचपून पाहिल्या. आधी माझ्या शब्दावर लोक चाचपत नव्हते.

त्या पावसाळ्यात बसून 31 व्हिडिओंची वर्णनं एकेक करून बदलली, टायटल आणि थंबनेल पण. वर्णन पूर्ण उघडायच्या आधी वरच्या एक-दोन ओळीच दिसतात, म्हणून सगळ्यात कामाचं ते आधी लिहिलं. पंपाच्या व्हिडिओचं आता असं आहे:

"18 वॅटचा पंप जाम झाला तर खोलून साफ करणे. कमरेएवढ्या उंचीच्या घरगुती कूलरसाठी, मोठ्या डक्ट कूलरसाठी नाही. प्लग काढून, टाकी रिकामी करूनच काम करा. पंप जळाला असेल, जळका वास येत असेल, तर हा व्हिडिओ उपयोगाचा नाही, नवीन घ्या. पंप चांगला असून हवा गरम येत असेल तर आधी ताटीवरच्या नळीची भोकं क्षारानं बुजली का ते पाहा."

टॅग सात-आठच ठेवले. कूलर आणि कुलर दोन्ही, कारण अर्धे लोक ऱ्हस्वच लिहितात. कंडेन्सर आणि कॅपॅसिटर दोन्ही, कारण मिस्त्री एक म्हणतो आणि दुकानातल्या डब्यावर दुसरं छापलेलं असतं. ट्रेंडिंग शब्दाशी माझं वैर नाही, ताटी भिजवायच्या व्हिडिओला नवतपा लिहितो मी, कारण तो त्याच दिवसांसाठी आहे. आतमध्ये ते असलं पाहिजे एवढंच.

लगेच काही सुधारलं नाही बरं. पुढच्या मार्चपर्यंत व्ह्यूज मेल्यासारखेच होते, भाचा म्हणाला मामा चॅनल बंद करा आणि नवीन काढा. मे मध्ये कुठे दोनअडीचशेवर आले, पण बहुतेक लोक यूट्यूबच्या सर्चमधून येऊन राहिले होते आणि सरासरी परत अडीच मिनिटांच्या जवळ गेली. चार हजार काही परत दिसले नाहीत. कामठीच्या काकूंना मी फोन करून हॅकचं खरं सांगितलं, त्या म्हणाल्या, मला तेव्हाच समजलं होतं.

गेल्या आठवड्यात पंपाच्या व्हिडिओखाली कोणीतरी लिहिलंय, "वर्णन वाचलं, माझा डक्टवाला आहे, व्हिडिओ पाहिला नाही, धन्यवाद." आमच्या भाच्याच्या हिशेबानं हा एक व्ह्यू गेला. मी ती कॉमेंट पिन करून ठेवली आहे.

आपला,
एक कूलरवाला वाचक
सक्करदरा, नागपूर