सत्य हा बचाव: सराव प्रश्नातले उत्तर २००६ पूर्वीचे आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

न्यायसेवा परीक्षेच्या तयारीसाठी आपण पुरवणीत जे सराव प्रश्न छापता, त्यात न्यायालयाच्या अवमानावर एक प्रश्न होता. ‘केलेले विधान सत्य आहे, हा बचाव अवमानाच्या कारवाईत घेता येतो का?’ पर्याय असे होते: (अ) नेहमी घेता येतो, (ब) कधीच घेता येत नाही, (क) न्यायालयाने परवानगी दिल्यास घेता येतो, (ड) फक्त फौजदारी अवमानात घेता येतो. उत्तरतालिकेत (ब) बरोबर धरला आहे. हे उत्तर आजच्या कायद्याशी जुळत नाही. परीक्षेला बसणारी मुले उत्तरतालिका पाठ करतात, म्हणून दुरुस्ती छापावी ही विनंती.

चूक कुठून आली असावी, हे कलम १३ जुन्या आणि नव्या रूपात शेजारी ठेवले की दिसते. न्यायालयाचा अवमान अधिनियम, १९७१ मध्ये हे कलम मुळात एवढेच सांगत होते की, अवमानामुळे न्यायदानाच्या कामात भरीव अडथळा आला असेल किंवा येण्याजोगा असेल, तरच शिक्षा द्यावी. सत्याचा त्यात उल्लेख नव्हता आणि न्यायालयेही हा बचाव सहसा ऐकून घेत नसत. २००६ च्या दुरुस्तीने जुना मजकूर खंड (अ) म्हणून राहिला आणि खंड (ब) नव्याने आला. सत्याचा बचाव सार्वजनिक हिताचा आहे आणि तो घेऊ देण्याची विनंती प्रामाणिक आहे, अशी खात्री पटल्यास न्यायालय त्याला परवानगी देऊ शकते, असे हा खंड म्हणतो. ज्या पुस्तकात कलम १३ ला खंडच नाहीत, त्याची आवृत्ती दुरुस्तीपूर्वीची आहे हे विद्यार्थ्यांनी सरळ ओळखावे.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे हा मुद्दा सुब्रमण्यम स्वामी विरुद्ध अरुण शौरी या प्रकरणात आला. १३ ऑगस्ट १९९० च्या इंडियन एक्स्प्रेसमध्ये न्या. कुलदीप सिंग आयोगावर कडक टीका करणारे संपादकीय आले होते आणि त्यावरून संपादक शौरी यांच्यावर अवमानाची कारवाई सुरू झाली. निकाल लागला २३ जुलै २०१४ रोजी. सत्याचा बचाव चालत नाही ही आधीची कायदेशीर स्थिती दुरुस्तीने बदलली आहे, असे घटनापीठाने स्पष्ट म्हटले. मात्र शौरी सुटले ते संपादकीय खरे ठरले म्हणून नव्हे. चौकशी आयोगावर सर्वोच्च न्यायालयाचा विद्यमान न्यायाधीश बसला तरी अवमान कायद्याच्या दृष्टीने तो आयोग ‘न्यायालय’ होत नाही, म्हणून सुटले. या निकालावर प्रश्न काढताना हे दोन मुद्दे एकमेकांत मिसळू नयेत.

आता आपल्या पर्यायांकडे पाहू. (अ) चूक, कारण हा बचाव हक्काने मिळत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. (क) बरोबर उत्तराच्या सर्वांत जवळ आहे, पण अर्धाच आहे. परवानगी न्यायालयाच्या मर्जीवर सोडलेली नाही. सार्वजनिक हित आणि विनंतीचा प्रामाणिकपणा या दोन्ही अटी त्यात यायला हव्यात. (ड) फसवा आहे. कलम १३ चे शब्द अवमानाच्या ‘कोणत्याही’ कारवाईबद्दल आहेत, फौजदारी अवमानापुरते नाहीत. दिवाणी अवमानात सत्याचा बचाव फारसा ऐकू येत नाही, कारण तिथे मुद्दा विधानाचा नसतो, आदेश पाळला की नाही याचा असतो. एखादा बचाव व्यवहारात निरुपयोगी असणे आणि कायद्याने वर्ज्य असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रश्न काढणारे नेमके इथेच घसरतात.

दोन अवमानांतला फरक एका काल्पनिक उदाहरणावर तपासता येईल. एका भाडेकरूने मुंबई उच्च न्यायालयात लेखी हमी दिली की, ३१ मार्चपर्यंत घर रिकामे करीन. न्यायालयाने ती हमी स्वीकारून आदेशात नोंदवली. मुदत गेली, राहायला दुसरी जागा हाताशी होती, तरी त्याने कुलूप काढले नाही. वर एप्रिलमध्ये त्याने पत्रकार परिषदेत सांगितले की, न्यायाधीशांनी घरमालकाकडून पैसे घेतले. इथे अवमान दोन आहेत. न्यायालयाला दिलेली हमी जाणूनबुजून मोडणे हा कलम २(ब) प्रमाणे दिवाणी अवमान. न्यायालयाची प्रतिष्ठा डागाळणारे विधान प्रसिद्ध करणे हा कलम २(क) प्रमाणे फौजदारी अवमान.

इथून पुढे वाटा फुटतात. हमी मोडल्याबद्दल घरमालक स्वतः अर्ज करू शकतो. त्या अर्जात सारा भर ‘जाणूनबुजून’ या शब्दावर असतो. भाडेकरू त्या दिवसांत अतिदक्षता विभागात होता असे कागदोपत्री दिसले, तर मुदत चुकूनही अवमान सिद्ध होणार नाही. पत्रकार परिषदेबद्दल मात्र घरमालकाला थेट अर्ज करता येत नाही. कलम १५ प्रमाणे न्यायालय स्वतःहून दखल घेते, नाहीतर महाधिवक्ता अर्ज करतात, किंवा त्यांची लेखी संमती घेऊन दुसरी व्यक्ती करते. उच्च न्यायालयात ही सुनावणी किमान दोन न्यायाधीशांपुढे व्हावी लागते. सत्याच्या बचावाला खरा अर्थ याच भागात आहे. भाडेकरूने उत्तराच्या प्रतिज्ञापत्रातच तो बचाव मागावा आणि पुरावा जोडावा. ‘मी असे ऐकले होते’ एवढ्यावर विनंती प्रामाणिक आहे हे पटवणे अवघड. आणि परवानगी मिळाली म्हणजे काम झाले असे नाही, विधान सत्य असल्याचे दाखवावेच लागते.

शिक्षेवरच्या प्रश्नांतही एक गैरसमज वारंवार दिसतो, तो म्हणजे दिवाणी अवमानाला फक्त दंड. कमाल मर्यादा दोन्हीकडे तीच आहे, सहा महिने कैद आणि दोन हजार रुपये दंड. फरक असा की, कलम १२(३) प्रमाणे दिवाणी अवमानात दंडाने भागत नाही असे वाटले तरच न्यायालय दिवाणी तुरुंगाचा विचार करते. तरीही आदेश धुडकावल्याबद्दल तुरुंगात जावे लागते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. आरागिरण्यांबाबतचे आदेश डावलल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये राज्याचे मंत्री स्वरूपसिंग नाईक आणि वनखात्याचे तत्कालीन प्रधान सचिव यांना एक महिन्याची साधी कैद दिली होती.

आणखी एक गोंधळ कलम ५ आणि कलम १३(ब) यांचा. सुनावणी होऊन अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर केलेली रास्त टीका कलम ५ प्रमाणे मुळात अवमानच ठरत नाही, त्यामुळे तिथे परवानगी मागायचा प्रश्न येत नाही. ‘निकालात पुराव्याचा चुकीचा अर्थ लावला आहे’ हे वाक्य कलम ५ च्या कक्षेत येईल. ‘न्यायाधीशांनी पैसे घेतले’ हे कलम ५ खाली बसवता येणार नाही, तिथे १३(ब) चीच वाट धरावी लागेल.

म्हणून दुरुस्ती छापताना पर्याय (क) असा करावा: ‘बचाव सार्वजनिक हिताचा आहे व तो घेण्याची विनंती प्रामाणिक आहे अशी न्यायालयाची खात्री झाल्यास, न्यायालयाच्या परवानगीने घेता येतो.’ उत्तर (क), आधार कलम १३(ब).

आपला,
कायद्याचा एक अध्यापक, पुणे