छत्री बाहेर, तुम्ही आत

प्रिय दोस्ता,

पाच महिने तुला एक ओळ लिहिली नाही, रागाव. आईचा गुडघा तसाच आहे, माझं बीपी गोळीवर. पण आज लिहिल्याशिवाय राहवेना, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. मी परत पाटी रंगवतोय.

मावसभावानं आपल्या बेळगावात, टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ कॅफे काढलाय. दारात ठेवायची दुपाखी पाटी माझ्याकडे आली, दोन फूट रुंद, तीन फूट उंच. त्याला तिच्यावर सगळंच हवं होतं: कॉफी, सँडविच, भाव, वायफाय. मी त्याला रस्त्यावर उभं केलं. चालणारा माणूस सेकंदाला चारेक फूट पुढं जातो. पंचवीस फुटांवर त्याला पाटी दिसली, तर सहा सेकंदांत तो ती ओलांडतो. दहा फुटांवरून सहज वाचायला इंचभर अक्षर लागतं, म्हणजे पंचवीस फुटांना अडीच इंच. आपल्या अक्षरांना वर वेलांट्या, खाली उकार, त्यांना जागा वेगळी. मग दोन फुटांत मावणार किती? तीन-चार शब्द. गडी गप्प झाला.

हा जुलै तुला माहीत आहेच की. दारावरून जाणारा प्रत्येक जण भिजलेला. त्याला भाव नको, आडोसा हवा. म्हणून ओळ सुचली, ‘छत्री बाहेर, तुम्ही आत या.’

आणि तिथंच अडकलो. भाषा कुठली?

आपण रंगवलेल्या त्या मंडळाच्या पाटीवर रात्रीतून काळं फासलं होतं, आठवतं? तू म्हणालास, अक्षरं मोठी केलीस म्हणून. मी म्हणालो, चित्र लहान केलंस म्हणून. तीन आठवडे आपण बोललो नाही. २०२४ च्या दुरुस्तीनंतर दुकानांच्या नावाच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड लागतं, आणि नावाची पाटी भावानं तशीच केलीय. पण मी नियमापोटी म्हणत नाही. गेटाकडून येणाऱ्यांत अर्धे कन्नड बोलणारे, त्यांनाही आत बोलवायचंय. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड असंही करून पाहिलं. पण एका बाजूनं येणाऱ्याला एकच भाषा दिसते, आणि पाटी दोन दुकानांची वाटते.

मग लक्षात आलं, ‘छत्री’ हा शब्द दोन्हीकडे चालतो. तो लिहायचाच कशाला? मधोमध छत्रीच काढायची. वर कन्नड लिपीत ‘होरगे, नीवु ओळगे बर्री’, खाली ‘बाहेर, तुम्ही आत या’. चित्र हाच दोन्ही वाक्यांचा पहिला शब्द. तू असतास तर तेव्हाच चहा मागवला असतास.

पहिली छत्री मिटलेली, टोक खाली. पंचवीस फुटांवरून दूधवाल्याला विचारलं, काय दिसतं? म्हणाला, गाजर. मूठ वाकडी आणि ठळक केली, टोकाशी तीन थेंब, खाली थारोळं. मग भावाच्या पोरानं लांबूनच ओळखली. खडू पहिल्याच सरीत ओघळून गेला, साखरेच्या पाण्यात भिजवून लिहिलं तरी दुपारपर्यंत टिकला नाही. मग ऑइल पेंट घेतला, चमक नसलेला, नाहीतर दिव्याखाली अक्षरं झळकतात आणि वाचता येत नाहीत.

एक चूक मात्र जिव्हारी लागली. छत्रीची वाकडी मूठ दाराकडे वळवली होती, बाण म्हणून. तेच चित्र ट्रेस करून मागच्या बाजूला उतरवलं. दुसऱ्या दिवशी बघतो, तिकडून येणाऱ्यांना मूठ रस्त्याकडे बोलावतेय! एका बाजूचं दार उजवीकडे, दुसरीच्या डावीकडे, म्हणजे चित्र उलटं हवं. रात्री बसून मागची बाजू खरवडून काढली. पाटी भिंतीला समांतर ठेवलेली नाही, चालणाऱ्याच्या तोंडासमोर येते, पण आपल्याच पायरीवर. फुटपाथ मोकळा राहायलाच हवा, म्हाताऱ्यांनी चिखलात का उतरावं? वाऱ्यानं पडू नये म्हणून पायांमध्ये वाळूची पिशवी टांगलीय.

आता खरं विचारायचं ते. ‘या’ म्हणायला ‘बर्री’ लिहू की ‘बन्नी’? कन्नडची मास्तरीण म्हणते, पाटीवर ‘बन्नी’च शोभतं. पण इथं दारात उभं राहून कुणी ‘बन्नी’ म्हणत नाही रे, ‘बर्री’ म्हणतात. मला ते घरचं वाटतं. पण ते माझ्या मराठी कानाला. एखाद्या कन्नड माणसाला वाटायचं, यानं आपली भाषा चुकीची लिहिली. ते मला सहन होणार नाही. तू पंधरा वर्षं धारवाडात काढलीस, तूच सांग.

वहिनींची बदली झाली का? पोरीच्या दहावीचं काय? सगळं कळव.

शनिवारी दुसरा हात मारायचाय. वरच्या ओळीतला तो एक शब्द सोडून बाकी सगळं वाळलंय.

तुझाच